डायलिसिसवरच्या रुग्णाची रात्रीची खाज: कारणं शोधायची कशी, उपाय लावायचे कोणत्या क्रमाने

प्रश्न: माझे वडील 61 वर्षांचे आहेत. दीड वर्षापासून आठवड्यातून दोनदा, साडेतीन-साडेतीन तास डायलिसिस चालू आहे. लघवी दिवसभरात जेमतेम कपभर होते. चार महिन्यांपासून पाठ, दंड आणि पायांना इतकी खाज सुटते की रात्री झोप नाही. पुरळ नाही, फक्त ओरबाडल्याच्या खुणा आहेत. लिव्होसेट्रिझिन रोज देतोय, फरक नाही. फॉस्फरस 6.8, कॅल्शियम 9.1, पीटीएच 410. डायलिसिसच्या आधीचा युरिया 142, नंतरचा 58. आम्ही उंड्रीला राहतो, टँकरचं पाणी येतं. आई रोज खोबरेल तेल चोळते. ही ॲलर्जी आहे का? रक्तशुद्धीचा काढा देऊन बघू का? नक्की काय करायचं?

उत्तर:

काढा देऊ नका. त्यात नेमकं काय आहे हे कळत नाही, आणि लघवी जवळजवळ बंद असलेल्या माणसाच्या रक्तात पोटॅशियम कधी चढेल याचा नेम नसतो. तुमच्या वर्णनावरून ही ॲलर्जीही वाटत नाही. किडनी निकामी झाल्यावर येणारी ही खाज आहे आणि डायलिसिसवरच्या बऱ्याच रुग्णांना ती होते. अनेक देशांतल्या रुग्णांना विचारून केलेल्या पाहणीत दहापैकी सुमारे चार जणांनी आपल्याला मध्यम ते तीव्र खाजेचा त्रास असल्याचं सांगितलं होतं. तरीही राउंडवर डॉक्टर वजन, बीपी, हिमोग्लोबिन विचारतात आणि खाजेचं विचारायचं राहून जातं. रुग्णालाही वाटतं, किडनीच गेली तर खाजेचं काय सांगायचं. म्हणून तुम्ही विचारलंत ते बरं झालं, कारण यावर करण्यासारखं पुष्कळ आहे.

तुमच्या आकड्यांमध्ये माझी नजर फॉस्फरसच्या आधी 142 आणि 58 या दोन आकड्यांवर थांबली. त्याकडे येतोच. आधी घरच्या घरी एक खात्री करून घ्या.

आज संध्याकाळी चांगल्या उजेडात बाबांची सगळी त्वचा बघा. बोटांच्या बेचक्या, मनगटाच्या आतली बाजू, कमरेचा पट्टा, बेंबीभोवती आणि जांघेत बारीक पुरळ किंवा रेघांसारख्या खुणा असतील आणि घरात आईला किंवा तुम्हालाही खाज सुटू लागली असेल, तर खरूज आहे का हे आधी तपासून घ्यायला हवं. खरजेची खाजही रात्रीच वाढते. तिचा उपाय अगदी वेगळा असतो आणि घरातल्या सगळ्यांनी तो एकाच वेळी करावा लागतो. कडेने लाल आणि मध्ये फिकट अशी गोल चकंदळं असतील तर तो गजकर्णाचा प्रकार असू शकतो. त्यावर मेडिकलमधून तीन-चार औषधं एकत्र केलेली ट्यूब आणून लावू नका. तिच्यात बहुधा स्टिरॉइड असतं. दोन दिवस आराम पडल्यासारखं वाटतं आणि मग गजकर्ण अंगभर पसरतं. डोळे पिवळे दिसत असतील किंवा लिव्हरच्या तपासण्या बिघडल्या असतील तर खाजेचं कारण लिव्हरमध्ये असू शकतं. डायलिसिसवरच्या रुग्णांच्या हिपॅटायटिस बी आणि सीच्या तपासण्या ठरावीक काळाने होतातच, शेवटच्या कधी झाल्या ते फाइलमध्ये बघा. आणि खाज फक्त मशीनवर असतानाच सुटते का, तेही बाबांना विचारा. तसं असेल तर रक्त गाळणारा डायलायझर, नळ्या, रक्त गोठू नये म्हणून दिलेलं हेपॅरिन किंवा हातावरची चिकटपट्टी यांपैकी कशाची तरी ॲलर्जी असू शकते. डायलिसिस सुरू झाल्यावर काही मिनिटांतच खाजेबरोबर धाप लागली किंवा ओठ सुजले तर टेक्निशियनला तत्काळ सांगायचं, ती तातडीची बाब असते.

यातलं काही नसेल, खाज दोन्ही बाजूंना सारखी असेल, पाठीवर जास्त असेल, रात्री वाढत असेल आणि त्वचेवर खाजवल्याच्या खुणांशिवाय काही नसेल, तर ती किडनीचीच खाज समजून पुढे जायचं. तुमच्या वर्णनात हे सगळं बसतं.

ही खाज येते कुठून? एकच कारण असतं तर एकाच गोळीने काम झालं असतं. पहिलं कारण त्वचेतच आहे. किडनीच्या आजारात घामाच्या ग्रंथी लहान होतात, घाम कमी येतो, त्वचा आपलं पाणी धरून ठेवू शकत नाही आणि खरखरीत होते. डायलिसिसवरच्या निम्म्याहून जास्त रुग्णांची त्वचा अशी कोरडी असते. दुसरं कारण म्हणजे अपुऱ्या डायलिसिसमुळे रक्तात साचून राहणारी द्रव्यं आणि त्यांच्यामुळे शरीरात धुमसत राहणारी सूज. तिसरं कारण नसांमध्ये आहे. खाजेचा संदेश वाहणाऱ्या बारीक नसा जरुरीपेक्षा जास्त जाग्या होतात. मज्जारज्जू आणि मेंदूत या संदेशावर दोन प्रकारच्या ओपिऑइड ग्राहकांचं, म्हणजे अफूसारखी द्रव्यं जिथे चिकटतात त्या जागांचं, नियंत्रण असतं: एक प्रकार ॲक्सिलरेटरसारखा खाज वाढवतो, दुसरा ब्रेकसारखा ती दाबतो. किडनीच्या आजारात हा तोल बिघडून ब्रेक ढिला पडतो असं मानलं जातं.

या यादीत हिस्टामिन जवळजवळ नाहीच, हे लक्षात आलं असेल. म्हणून लिव्होसेट्रिझिनने फरक पडला नाही. ॲलर्जीची औषधं हिस्टामिन अडवतात, आणि इथे मुख्य दोषी ते नाही. त्या गोळीने थोडी गुंगी येते, तिलाच आराम समजलं जातं. शिवाय लिव्होसेट्रिझिन किडनीवाटे बाहेर पडतं आणि डायलिसिसनेही फारसं निघत नाही, त्यामुळे डायलिसिसवरच्या रुग्णाला ते देऊ नये असं त्याच्या माहितीपत्रकातच म्हटलेलं असतं. बाबा दिवसा पेंगत असतील तर त्याचं कारण हेच असू शकतं. पुढच्या डायलिसिसला डॉक्टरांना ही गोळी दाखवा आणि बंद करायची का ते विचारा.

उपाय सुरू करण्याआधी एक वही करा. रोज सकाळी बाबांना विचारायचं: गेल्या 24 तासांत खाज सगळ्यात जास्त झाली तेव्हा ती 0 ते 10 मध्ये किती होती? 0 म्हणजे अजिबात नाही, 10 म्हणजे याहून वाईट कल्पनाच करवत नाही. शेजारी रात्री किती वेळा जाग आली ते लिहा. खाजेच्या औषधांच्या चाचण्याही हीच मोजपट्टी वापरतात आणि निदान 3 अंकांनी घट झाली तर ती खरी सुधारणा धरतात. वही हवी याचं कारण असं की, ही खाज आपोआपही कमी-जास्त होते. मोठ्या चाचण्यांमध्ये नुसतं औषधाविना इंजेक्शन घेणाऱ्यांपैकीही साधारण तिघांपैकी एकाला बरीच घट जाणवली होती. आकडे लिहिलेले नसले तर कशाने गुण आला हे कळत नाही आणि माणूस नको ती औषधं वर्षानुवर्षं घेत राहतो.

आता त्वचा. आई तेल चोळते त्यात वाईट काही नाही, पण तेल त्वचेला पाणी देत नाही. ते आत असलेलं पाणी उडून जायला अडवतं. कोरड्या, खरखरीत अंगावर दुपारी तेल चोळलं तर अडवायला आत पाणीच नसतं. म्हणून वेळ महत्त्वाची. आंघोळ कोमट पाण्याने, पाच ते दहा मिनिटांत उरकायची. कडकडीत पाण्याने त्या क्षणी बरं वाटतं, पण त्वचेवरचा तेलकट थर धुऊन जातो आणि रात्री खाज दुप्पट होते. टॉवेलने घासायचं नाही, टिपून घ्यायचं, आणि अंग दमट असतानाच, तीन मिनिटांच्या आत, क्रीम लावायचं. रात्री झोपण्याआधी दुसऱ्यांदा लावायचं; तेव्हा ओल्या पंचाने अंग पुसून लगेच लावलं तर जास्त उपयोग होतो.

क्रीम कोणतं? महाग नको, सुगंधी नको, जाहिरातीतलं पातळ लोशन नको. पांढरं मऊ पॅराफिन, लिक्विड पॅराफिन आणि ग्लिसरीन असलेलं साधं, घट्ट क्रीम मेडिकलमध्ये मिळतं. खरी चूक होते ती प्रमाणात. लोक 50 ग्रॅमची ट्यूब आणतात आणि ती महिनाभर पुरवतात. पाठ, दोन्ही हात आणि पाय दिवसातून दोनदा नीट माखायचे तर आठवड्याला 250 ग्रॅमच्या आसपास लागतं. म्हणून मोठी बरणीच आणा. 15 दिवस झाले आणि बरणी निम्मीही झाली नसेल तर क्रीम कमी पडतंय. पाठीवर हात पोचत नाही, आणि खाज तिथेच जास्त असते, तेव्हा पाठीचं काम घरच्यांनी करायचं. युरिया असलेलं क्रीम खरखरीत टाचांना चांगलं, पण ओरबाडलेल्या जागी ते झोंबतं.

दोन गोष्टी जपा. पॅराफिन भिनलेले कपडे आणि पांघरुणं आगीला लवकर धरतात. क्रीम लावून देवघरातल्या समईजवळ किंवा गॅसजवळ वाकायचं नाही आणि ते कपडे वरचेवर धुवायचे. दुसरं, डायलिसिसच्या दिवशी फिस्टुलाच्या हातावर, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी जिथली रक्तवाहिनी ऑपरेशनने जोडलेली असते त्या हातावर, सकाळी क्रीम लावायचं नाही. तिथली त्वचा स्वच्छ लागते आणि चिकटपट्टीही नीट बसायला हवी. त्या हाताला घरी आल्यावर, सुईच्या जागा सोडून लावा.

टँकरच्या पाण्याचं तुम्ही लिहिलंत ते योग्यच केलंत. धरणाच्या पाण्यापेक्षा बोअरचं पाणी सहसा जड असतं, आणि टँकर बऱ्याचदा बोअरवरच भरतात. जड पाण्यात साबणाचा फेस नीट होत नाही, त्याचा साका त्वचेवर बसतो आणि कोरडेपणा वाढतो. पाणी बदलणं तुमच्या हातात नसलं तरी साबण कमी करणं आहे. साबण फक्त काखा, जांघा आणि पायांना लावा. पाठ आणि दंड नुसत्या पाण्याने धुतलेले पुरतात. जंतुनाशक साबण, पाण्यात टाकायचं जंतुनाशक द्रव, उटणं, बेसन हे सगळं बंद करा. नखं बारीक कापा, रात्री सुती सदरा घाला, आणि उकडत असेल तर पंखा मोठा करा, कारण अंग तापलं की खाज वाढते.

इतकं केल्यावर साधारण दोन आठवड्यांनी वहीतला आकडा बघा. ज्यांची खाज सौम्य असते आणि मुख्यतः कोरडेपणाची असते त्यांचं काम इथेच भागतं. बाबांचं एवढ्याने भागेल असं मला वाटत नाही, आणि त्याचं कारण ते दोन आकडे.

142 मधून 58 वजा केले की 84 राहतात. 84 ला 142 ने भागलं की 0.59. म्हणजे एका डायलिसिसमध्ये बाबांच्या रक्तातला सुमारे 59 टक्के युरिया निघतो. किमान 65 टक्के निघावा अशी अपेक्षा असते, आणि ती अपेक्षाही आठवड्यातून तीनदा डायलिसिस करणाऱ्यांसाठी आहे. आठवड्यातून दोनदा करून चालतं ते अशांचं, ज्यांच्या स्वतःच्या किडन्या अजून बरंच काम करतात, दिवसाला पुरेशी लघवी होते. सुरुवातीला बाबांची तशी होत असेल आणि म्हणून दोनदाचं वेळापत्रक ठरलं असेल. आता लघवी कपभरावर आली तरी वेळापत्रक तेच राहिलं. हे हळूहळू घडतं म्हणून घरच्यांच्या लक्षात येत नाही, आणि नेमक्या याच काळात खाज सुरू होते. आठवड्याच्या 168 तासांपैकी 7 तास रक्त साफ होतंय. तीनदा चार-चार तास केलं तर 12 तास होईल.

पण तास वाढवण्याआधी, आहे त्या साडेतीन तासांत एवढंच का निघतं हे विचारा. पुढच्या वेळी डायलिसिसच्या नोंदवहीतले काही आकडे बघायला मागा. मशीन प्रत्यक्ष किती वाजता सुरू झालं आणि कधी उतरवलं? कागदावर साडेतीन तास असतात. प्रत्यक्षात जोडायला उशीर, मध्ये अलार्म आणि पुढच्या रुग्णाची घाई यात ते तीन होतात. काही वेळा रुग्णच पायात गोळे आले म्हणून लवकर सोडवायला सांगतो, तेही बाबांना प्रेमाने विचारा. रक्ताचा वेग किती ठेवला होता? चांगल्या फिस्टुलावर मोठ्या माणसाला मिनिटाला 300 मिलीच्या आसपास मिळायला हवा. तो 200 वर चालत असेल तर का, हे शोधायचं: सुई बारीक आहे, की फिस्टुला अरुंद झालाय. सुई काढल्यावर रक्त पूर्वीपेक्षा जास्त वेळ थांबत नसेल किंवा हात सुजत असेल तर फिस्टुलाची डॉपलर तपासणी करून घ्यावी लागते. आणि डायलायझर कितव्यांदा वापरतायत? आपल्याकडे तो धुऊन पुन्हा वापरतात. तसं करायला हरकत नाही, पण प्रत्येक वेळी त्याची क्षमता मोजायची असते आणि ती मूळच्या 80 टक्क्यांखाली गेली की तो टाकून द्यायचा असतो.

डायलिसिसनंतरचा रक्ताचा नमुना कसा घेतला यालाही महत्त्व आहे. पंपाचा वेग 100 मिलीवर आणून, 15 सेकंद थांबून, शरीराकडून येणाऱ्या नळीतून तो घ्यायचा असतो. मशीनमधून साफ होऊन परत जाणाऱ्या नळीतून घेतला तर युरिया खोटाच कमी दिसतो आणि डायलिसिस उत्तम चाललंय असं वाटतं. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या बाबतीत हे माझ्या पाहण्यात आहे. रिपोर्टमध्ये 74 टक्के, आणि बाई खाजवून खाजवून रक्तबंबाळ. नमुना नीट घेतला तेव्हा 57 टक्के निघाले. फिस्टुला अरुंद झाला होता आणि साफ झालेलंच रक्त पुन्हा मशीनमध्ये येत होतं. फुग्याने ती जागा रुंद केल्यावर पुढच्या महिनाभरात त्यांचा खाजेचा आकडा 8 वरून 4 वर आला. म्हणून बाबांचे 59 टक्केही खरे धरण्याआधी नमुना कसा घेतला ते विचारा. चुकीचा घेतला असेल तर खरा आकडा याहूनही खाली असेल.

आठवड्यातून तिसऱ्यांदा जाणं म्हणजे उंड्रीहून आणखी एक फेरी, कुणाची तरी आणखी एक रजा आणि खर्च, हे मला माहीत आहे. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे; रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला भेटा. तिसरी पाळी लगेच जमणार नसेल तर निदान दोन्ही पाळ्या पूर्ण चार तासांच्या करून घ्या. मात्र हा तात्पुरता उपाय आहे. लघवी इतकी कमी झालेल्या माणसाला दोनदा पुरत नाही, आणि खाज हा त्याचा एक परिणाम झाला. धाप, बीपी, हृदयावरचा भार हे त्याच कमतरतेतून येतात.

एक मर्यादाही सांगतो. अपुरं डायलिसिस पुरेसं केलं की खाज कमी होते. पण पुरेसं झाल्यावर ते आणखी वाढवत नेलं तर खाजही आणखी कमी होत जाईल, असं दिसत नाही. तेव्हा केवळ खाजेसाठी जास्त महागाच्या पद्धतीच्या डायलिसिसवर पैसे घालण्याआधी साधे चार तास, तीनदा, नीट वेगाने होऊ द्या.

फॉस्फरसबद्दल लोकांना सगळ्यात जास्त सांगितलं जातं, म्हणून थोडं. फॉस्फरस जास्त तर खाज जास्त, असा सरळ संबंध प्रत्येक रुग्णात दिसत नाही. तरी 6.8 हा आकडा हाडांसाठी आणि रक्तवाहिन्यांसाठी वाईटच आहे, तो साडेपाचच्या खाली आणायला हवा, आणि तिसरी पाळी वाढली की तो बऱ्यापैकी खाली येईल. फॉस्फरसची गोळी, म्हणजे सेव्हेलॅमर किंवा कॅल्शियमची, चालू असेल तर ती कधी घेतात ते बघा. ती अन्नातला फॉस्फरस पोटातच धरून ठेवते, म्हणून जेवणाच्या घासांबरोबरच घ्यायची. बरेच जण सकाळी बाकीच्या गोळ्यांबरोबर उपाशीपोटी घेतात, तेव्हा तिला धरायला काहीच नसतं. आहारात डाळ आणि उसळ तोडू नका. वनस्पतींमधला फॉस्फरस अंगी कमी लागतो आणि बाबांना प्रथिनं हवी आहेत. काळी कोल्ड्रिंक्स, प्रोसेस्ड चीज आणि टिकवण्यासाठी फॉस्फेट घातलेले पाकिटातले पदार्थ पूर्ण बंद करा, कारण त्यातला जवळजवळ सगळा शोषला जातो. दूध, पेढे आणि भाजीआमटीतलं दाण्याचं कूट बेताने. पीटीएच हे कॅल्शियम आणि हाडं सांभाळणारं संप्रेरक; त्याचा 410 हा आकडा बघून घाबरू नका. डायलिसिसवर तो नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या दोन ते नऊ पट चालतो. तुमच्या लॅबची मर्यादा 65 असेल तर 130 ते 585, म्हणजे बाबा त्यात बसतात. त्यांच्या खाजेसाठी पीटीएचच्या मागे लागण्याची गरज नाही.

त्वचेची काळजी आणि डायलिसिसची दुरुस्ती चालू असतानाही रात्री जात असतील, तर नसा शांत करणारं औषध द्यायचं. आकडा 7-8 असेल तर ते सुरुवातीलाच देतो, माणसाला आधी झोप हवी. यात सगळ्यात जास्त पुरावा गॅबापेंटिनचा आहे. पण त्याचा डोस हाच सगळा मुद्दा आहे. हे औषध फक्त किडनीवाटे बाहेर पडतं. किडनी नसेल तर ते पुढच्या डायलिसिसपर्यंत अंगातच राहतं. म्हणून रोज द्यायचं नाही. डायलिसिस संपल्यावर 100 मिलिग्रॅमची एक कॅप्सूल, त्या दिवशी एवढंच. एक-दोन आठवड्यांत फरक दिसला नाही आणि गुंगी नसेल तर 200, आणि 300 च्या पुढे मी जात नाही. त्याऐवजी प्रेगाबालिन दिलं तर 25 मिलिग्रॅमपासून, तेही डायलिसिसनंतर. मी शक्यतो ही कॅप्सूल युनिटमध्येच, मशीन उतरवल्यावर द्यायला सांगतो, म्हणजे घरी चुकून रोज सुरू होत नाही. हे नेफ्रॉलॉजिस्टने लिहून दिल्याशिवाय आणू नका.

इथे काय बिघडतं ते नीट समजून घ्या, कारण अशा रुग्णांना बेशुद्धावस्थेत आणलेलं मी पाहिलंय. पाय बधिर होतात म्हणून दुसऱ्या कुणा डॉक्टरकडे गेलं की प्रेगाबालिन 75 आणि मिथाइलकोबालामिन एकत्र असलेली गोळी रोज रात्री लिहून मिळते. ज्याच्या किडन्या चांगल्या आहेत त्याला तो साधा डोस आहे. बाबांसाठी तो काही दिवसांत साचत जाईल. हातातली कपबशी झटक्याने पडणं, बोलणं जड होणं, दिवसा झोप, चालताना तोल जाणं, असंबद्ध बोलणं ही त्याची लक्षणं. यातलं काहीही दिसलं तर पुढची कॅप्सूल द्यायची नाही आणि युनिटला फोन करायचा. डायलिसिसने हे औषध निघून जातं आणि माणूस ताळ्यावर येतो. बाबा सध्या दोनदाच डायलिसिस करतात, त्यामुळे त्यांच्यात ते जास्त साचेल. पहिले काही दिवस रात्री बाथरूमला जाताना कुणीतरी सोबत असू द्या. आणि गॅबापेंटिन सुरू करताना लिव्होसेट्रिझिन चालू नको, दोन गुंगीची औषधं एकत्र नकोत.

याने बहुतेकांना झोप लागेल इतपत आराम पडतो. तरीही राहिली तर पुढचे पर्याय आहेत. त्वचारोगतज्ज्ञांकडे यूव्हीबी किरणांचा उपचार मिळतो, आठवड्यातून दोन-तीनदा, काही आठवडे; डायलिसिसच्या फेऱ्यांवर या आणखी फेऱ्या, म्हणून मी तो नंतर ठेवतो, आणि पुढे ट्रान्सप्लांट करायचं असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना ते आधी सांगायचं. सर्ट्रालीन या मनाच्या औषधानेही काहींची खाज कमी होते. बाबा उदास राहत असतील तर मी त्याचा विचार लवकर करेन. वर ज्या ढिल्या ब्रेकबद्दल लिहिलं त्यावरच काम करणारी औषधंही आली आहेत: जपानमध्ये 2009 पासून नालफ्युराफिन, आणि अमेरिकेत 2021 मध्ये मान्यता मिळालेलं डायफेलिकेफॅलिन, जे प्रत्येक डायलिसिसच्या शेवटी नळीतून देतात. डायफेलिकेफॅलिनच्या मोठ्या चाचणीत 12 आठवड्यांनी जवळजवळ निम्म्या रुग्णांचा आकडा 3 किंवा जास्त अंकांनी उतरला. चांगलं औषध आहे, पण 59 टक्क्यांचं डायलिसिस त्याने 65 चं होत नाही. त्यामुळे बाबांच्या बाबतीत मी त्याचा विचार आज करणार नाही.

किडनी ट्रान्सप्लांट नीट झाल्यावर बहुतेकांची ही खाज जाते. बाबा 61 चे आहेत. त्यांच्या हृदयाची स्थिती ठीक असेल तर तो विषय डॉक्टरांकडे काढायला वय आड येत नाही.

खाजवलेल्या जागांकडे मात्र रोज बघा. पू, गरमपणा, भोवती पसरणारी लाली, किंवा डायलिसिसच्या वेळी थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी दाखवा. फिस्टुलाच्या हातावरची जखम असेल तर सकाळची वाट न बघता जा, कारण तिथले जंतू थेट रक्तात जातात.

पुढच्या पाळीला जाताना वही, लिव्होसेट्रिझिनची पट्टी आणि 142-58 चा रिपोर्ट बरोबर ठेवा. गोळीशिवाय डॉक्टरांना मुख्यतः दोन गोष्टी विचारा: लघवी कमी झाल्यावर दोनदाचं वेळापत्रक बदलायला हवं का, आणि गॅबापेंटिन 100 डायलिसिसनंतर सुरू करता येईल का. आठवड्याची तिसरी पाळी सुरू झाल्यावर साधारण महिन्याने युरियाचे दोन्ही नमुने पुन्हा, नीट पद्धतीने घ्यायला सांगा आणि त्या दिवशीचा खाजेचा आकडा त्याच पानावर लिहून ठेवा.